फाट्यावरचं दुकान नकाशावर मामांच्या नावे करताना : कामाच्या नोंदी

3 मार्च 2025, सोमवार

मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान अंबाजोगाई–लातूर रस्त्यावर एका फाट्यावर आहे. फेब्रुवारी संपला की बोअरचं पाणी खाली जातं, मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात. त्यामुळे मार्च ते मे हाच त्यांचा सीझन. पूर्वी गिऱ्हाईक विचारत विचारत यायचं. आता पिकअपमध्ये मोटार टाकून निघालेला पोरगा आधी मोबाइलवर नकाशा उघडतो.

गूगल मॅप्सवर दुकान आहे, पण ते मामांनी टाकलेलं नाही. कधीतरी कुणा गिऱ्हाइकानं टाकलं असावं. त्यावरचा नंबर जुन्या लँडलाइनचा आहे आणि ती मामांनी स्वतःच सहा वर्षांपूर्वी बंद केली. परवा रेणापूरकडचा एक शेतकरी म्हणाला, "चार बार फोन लावला, लागंना. म्हटलं दुकान बंद पडलं असंल." मोटार दुसरीकडे टाकून तो फक्त केबल जॉइंटचं किट घ्यायला आला होता. मामांनी संध्याकाळी मला फोन केला. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान असल्यामुळे मोबाइलमधलं काहीही अडलं की काम माझ्याकडेच येतं.

"पोरी, ह्ये नंबर तेवढा बदलून टाक. पाच मिनिटाचं काम."

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

4 मार्च, मंगळवार

आधी बघायचं होतं की दुकानाच्या या पानावर कुणी आधीच मालकी घेतली आहे का. घेतली असती तर रस्ता वेगळा होता. Request access दाबून सध्याच्या मालकाकडे मागणी करायची, त्याला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात, आणि तो गप्पच राहिला तर पुढे स्वतः दावा करण्याची वाट उघडू शकते. आमच्या पानावर Claim this business असं दिसलं. म्हणजे मालकाची जागा मोकळी होती.

दाबण्याआधी एक दुसरंच काम निघालं. दावा कोणत्या खात्यातून करायचा? मामांच्या मोबाइलमध्ये तीन जीमेल खाती सापडली. तिन्ही मोबाइलच्या दुकानात फोन घेताना त्या त्या पोरानं काढून दिलेली, आणि पासवर्ड एकाचाही माहीत नाही. एका खात्यावर मामांचा चालू नंबर होता. त्या नंबरावर कोड मागवून पासवर्ड नवा केला आणि तेच खातं ठरवलं. माझ्या खात्यातून केलं असतं तर आज वीस मिनिटं वाचली असती, पण दुकानाचा कागदोपत्री मालक मी झाले असते. उद्या माझं लग्न होऊन मी पुण्याला गेले की पुन्हा हाच घोळ.

मग दावा केला. पडताळणीसाठी दोन पर्याय आले, फोन आणि पोस्टकार्ड. फोनच्या पर्यायात नंबर लिहायला जागाच नव्हती. पानावर जो नंबर आहे त्याचे शेवटचे आकडे दाखवून "इथे कोड पाठवू का" एवढंच विचारत होतं. शेवटचे आकडे त्याच मेलेल्या लँडलाइनचे.

मामा वैतागले. "माझा नंबर मीच सांगायलोय की. त्यात काय एवढं?" त्यांना समजावताना मलाही नीट कळलं. दावा कुणीही करू शकतो, समोरचा रिवाइंडिंगवालासुद्धा. दावा करणाऱ्यानं सांगितलेल्या नंबरावरच कोड पाठवला, तर तो माणूस मोबाइलवाला आहे एवढंच सिद्ध होईल, दुकानवाला आहे हे नाही. म्हणून कोड जायचा तो आधीपासून जगजाहीर असलेल्या नंबरावर किंवा पत्त्यावर. आमचा जगजाहीर नंबरच मेलेला, ही अडचण.

5 मार्च, बुधवार

नकाशावर Suggest an edit असतं. मालक नसलेला माणूसही तिथून चूक कळवू शकतो. माझ्या खात्यातून कळवलं की हा नंबर बंद आहे, चालू नंबर हा आहे. बोर्डाचा फोटोही जोडला, त्यावर मोबाइल नंबर रंगवलेला आहे.

7 मार्च, शुक्रवार

सूचना मंजूर झाली आणि पानावर मामांचा मोबाइल नंबर दिसू लागला. खरं तर मामांचं मूळ काम इथेच झालं. शेतकऱ्याला नंबर मिळाला, विषय संपला. पण जसा मी बदलला तसा उद्या दुसरं कुणीही बदलू शकेल आणि आम्हाला पत्ताही लागणार नाही. शिवाय उन्हाळ्यात दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि पान म्हणतं सहाला बंद. म्हणून दावा पुढे न्यायचं ठरवलं.

मोठ्या आशेनं पुन्हा पडताळणीच्या पानावर गेले. फोनचा पर्याय यायच्या ऐवजी गेलाच, एकटं पोस्टकार्ड उरलं. कोणते पर्याय दाखवायचे हे गूगलची यंत्रणा ठरवते, धंद्याचा प्रकार आणि उपलब्ध माहिती बघून. मागून मिळत नाहीत. कालपरवा बदललेल्या नंबरावर भरवसा नाही, असा मी अर्थ लावला. तिच्या जागी मी असते तरी ठेवला नसता.

8 मार्च, शनिवार

पोस्टकार्ड मागवलं. त्यावर पाच आकडी कोड छापलेला असतो. बहुतेक कार्डं चौदा दिवसांत पोचतात असं लिहिलंय आणि कोड तीस दिवस चालतो. या काळात दुकानाचं नाव, पत्ता किंवा वर्ग बदलायचा नाही, नवा कोडही मागवायचा नाही, नाहीतर वाटेतला कोड वाया जातो. मामांना हे तीनदा सांगितलं, कारण त्यांचा धाकटा जावई "मी बघतो ना" म्हणून बोटं घालण्यात पटाईत आहे.

पत्ता आधीच भरलेला होता: गट नंबर, लातूर रोड, अंबाजोगाई आणि पिनकोड. मी फार न बघता पुढे गेले. ही माझी चूक, पुढे नडली.

14 मार्च, शुक्रवार, धुळवड

दुकान बंद. दुपारी मामांना एक फोन आला. हिंदीत बोलणारा मुलगा, "आपका बिझनेस मॅप पर व्हेरिफाय नहीं है, तीन हजार में आज ही कर देंगे." मामांनी माझा नंबर दिला, मी विचारलं तर कोड आला की मला सांगा म्हणाला. म्हणजे दुकान आमचं, कोड आमचा आणि मालकी त्याच्या खात्यावर. या कामाला गूगल पैसे घेत नाही आणि कोडही फोनवर विचारत नाही, एवढं मामांना कळलं की बास.

नंबर पानावर दिसायला लागून जेमतेम आठवडा झाला होता. गिऱ्हाइकाच्या आधी हा पोचला.

24 मार्च, सोमवार

सोळा दिवस झाले, कार्ड नाही. सकाळी गावातल्या पोस्टात गेले. पोस्टमनकाकांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "असलं एक आलतं. सगळं इंग्रजीत, दुकानाचं नाव, माणसाचं नाव न्हाई. ह्या नावाचं दुकान कुठं हाय म्हणून दोघातिघाला इचारलं. मग परत धाडलं."

कारण समजल्यावर काकांचा राग येईना. दोन गोष्टी आमच्याच चुकल्या होत्या.

पहिली नावाची. मामांच्या दुकानाला गावात कुणी नावानं ओळखतच नाही. लोक म्हणतात "फाट्यावरचे वाइंडिंगवाले", नाहीतर मामांच्या आडनावानं हाक मारतात. बोर्डावर देवाचं नाव आणि त्यापुढे "मोटार रिवाइंडिंग" असं मराठीत आहे. नकाशावर मात्र ज्यानं टाकलं त्यानं भलतंच लांबलचक इंग्रजी नाव दिलंय, त्यात बोअरवेल, सबमर्सिबल, रिपेअर, लातूर रोड असं सगळं कोंबलंय. कार्डावर तेच छापून आलं. कार्ड मागवताना संपर्काच्या माणसाचं नाव लिहायची सोय होती, मी ती रिकामी सोडली होती.

दुसरी पिनकोडची. फाटा दोन गावांच्या मधे आहे. जमीन सातबाऱ्यावर एका गावची, आणि टपाल मात्र दुसऱ्या गावच्या पोस्टातून वाटलं जातं. नकाशानं खुणेच्या जागेवरून पिनकोड उचलला तो सातबाऱ्याच्या बाजूचा. पत्त्यात गावाचं नाव नव्हतंच, नुसता गट नंबर. पोस्टमनला गट नंबर कशाला माहीत असेल, तो तलाठ्याचा विषय.

मामा म्हणाले, "मग दुसरं कार्ड मागव, काकाला सांगून ठेवतो." तोही मार्ग होता. पण त्यात आणखी दोन आठवडे जाणार होते आणि सीझन काय थांबणार नव्हता.

27 मार्च, गुरुवार

पडताळणीच्या पानावर पुन्हा गेले, या वेळी दुसरं कार्ड मागवण्याआधी इतर पर्याय उघडून बघितले. आता व्हिडिओचा पर्याय दिसला. जागेवर जाऊन मोबाइलनं एकसलग चित्रण करायचं आणि तिथूनच पाठवायचं. फोन नाही, टपाल नाही. फाट्यावरच्या दुकानाला हेच जमण्यासारखं आहे.

काय दाखवायचं ते तीन भागांत सांगितलं आहे. दुकान कुठे आहे, म्हणजे रस्ता, पाट्या, शेजारची दुकानं. दुकान खरंच चालतं, म्हणजे बोर्ड, यंत्रं, माल. आणि ते तुमच्या ताब्यात आहे, म्हणजे कुलूप उघडणं किंवा बाहेरच्या माणसाला जाता येत नाही अशा जागी जाणं. किमान तीस सेकंद, मधे तोड नाही, नंतर जोडकाम नाही. माणसांचे चेहरे आणि बँकेचे, टॅक्सचे किंवा ओळखपत्राचे नंबर दाखवायचे नाहीत.

29 मार्च, शनिवार

पहिला व्हिडिओ. घाईत केला, हे आधीच लिहून ठेवते.

दुकान उघडं होतं आणि आत तीन मोटारी खोललेल्या. मी दारातूनच सुरुवात केली. वाइंडिंग मशीन, तारेची रिळं, एक उघडा स्टेटर. कामावरचा पोरगा मधे येऊन कॅमेऱ्याकडे बघून हसला. शेवटी बाहेर येऊन बोर्ड दाखवला, पण दुपारचं ऊन थेट पत्र्यावर होतं, अक्षरं पांढरी फटक. चाळीस सेकंद. पाठवून टाकला. उत्तर पाच कामकाजाच्या दिवसांपर्यंत येतं.

उद्या पाडवा. मामा मशीनला हार घालणार आहेत.

3 एप्रिल, गुरुवार

नामंजूर. सविस्तर कारण दिलेलं नाही, फक्त पडताळणी करता आली नाही, पुन्हा प्रयत्न करा.

रात्री तो व्हिडिओ मनात पुन्हा चालवून पाहिला, पण परक्या माणसाच्या डोळ्यांनी. दूर कुठेतरी बसलेला तपासनीस, अंबाजोगाई न पाहिलेला. त्याला काय दिसलं? एक अंधारी खोली, काही तारा, एक हसरा मुलगा. ही खोली अंबाजोगाईत आहे की अकोल्यात, त्याला कळायला मार्ग नाही. रस्ता मी दाखवलाच नव्हता. दुकान आधीच उघडं होतं, त्यामुळे चावी कुणाकडे असते तेही दिसलं नाही. गिऱ्हाईक म्हणून आत शिरून कुणीही असलं चित्रण करू शकला असता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव. पानावर ते लांबलचक इंग्रजी नाव, बोर्डावर दुसरंच. त्याच्या लेखी ही दोन वेगळी दुकानं. गूगलचा नियमही असाच आहे की नाव तेच हवं जे खऱ्या दुकानावर लिहिलेलं आहे, त्यात कामाची आणि गावाची यादी जोडायची नाही. आणि नकाशावरची खूण बघितली तर ती दुकानाच्या जागी नव्हतीच, गावात मारुतीच्या देवळाजवळ होती, दोन किलोमीटर आत. म्हणजे मी रस्ता दाखवला असता तरी तो खुणेजवळच्या रस्त्याशी जुळला नसता.

या नोंदी उद्या कुणाच्या हाती पडल्या तर त्याला सांगावंसं वाटतं की नाव, खूण आणि पत्ता हे आधी बोर्डाशी जुळवून घ्यावं आणि मगच कॅमेरा काढावा. पडताळणी झाल्यावर नाव किंवा पत्ता बदलला तर पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते, म्हणून नंतर बघू म्हणण्यातही फायदा नाही.

4 एप्रिल, शुक्रवार

तीनही दुरुस्त्या केल्या. नाव बोर्डावर आहे तेच, मराठीत. खूण उपग्रहाच्या चित्रावर धरून सरकवली. दुकानाचा पत्रा निळा आहे आणि मागे पाण्याचा सिमेंटचा हौद, मोटारी टेस्ट करायचा. वरून हौद स्पष्ट दिसतो, त्यावरून जागा पक्की झाली. पत्त्यात गावाचं नाव, फाटा आणि टपाल ज्या पोस्टातून येतं त्याचा पिनकोड.

मनात एक पळवाटही आली होती, की हे जुनं पान सोडून नवंच टाकावं, कोरं करकरीत. ते केलं नाही. एकाच जागी एकाच दुकानाची दोन पानं झाली की नवं पान नक्कल म्हणून अडकतं, आणि जुन्या पानावर गिऱ्हाइकांनी लिहिलेले अकरा अभिप्राय आहेत ते मागे राहतात. त्यातल्या एकात लिहिलंय, "मोटार भरून दिली दोन वर्ष झाले चालूच आहे." मामांना ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "ह्यो पैसे बुडवून गेलाय."

5 एप्रिल, शनिवार

दुसरा व्हिडिओ, सकाळी पावणेआठला. ऊन तिरपं असतं आणि बोर्ड पूर्वेकडे बघतो, त्यामुळे अक्षरं वाचता येतात. दुकान मुद्दाम बंद ठेवायला सांगितलं होतं. कामावरच्या पोराला नऊला बोलावलं. चित्रण मामांच्याच फोनवर, त्यांच्याच खात्यातून, लोकेशन चालू ठेवून. आधीच काढून ठेवलेला व्हिडिओ इथे जोडता येत नाही, त्याच पानातून कॅमेरा उघडतो. म्हणून काल संध्याकाळी साध्या कॅमेऱ्यावर दोनदा तालीम केली होती. तालमीत कळलं की मी चालताना फोन फार हलवते.

क्रम असा ठेवला. सुरुवात रस्त्याच्या पलीकडून. फाट्यावर गावाच्या नावाची पाटी आहे, तिथे पाच सेकंद थांबले. मग डावीकडे टायर पंक्चरवाला आणि उजवीकडे कृषी सेवा केंद्र, दोघांचे बोर्ड दिसतील असं हळू फिरले. ही दोन्ही दुकानं नकाशावर आहेत, म्हणजे तपासणाऱ्याला शेजार जुळवून बघता येईल. मग रस्ता ओलांडून थेट बोर्डापर्यंत. एक ट्रक आडवा आला, थांबावं लागलं, पण चित्रण बंद केलं नाही. बोर्ड पूर्ण चौकटीत येईल इतकं मागे उभं राहून पाच-सहा सेकंद.

मग मामांचे फक्त हात. किल्ल्यांचा जुडगा, खालचं कुलूप, शटर वर. शटर वर जाताना जो कडकडाट झाला तो मला त्या दोन मिनिटांतला सगळ्यात खात्रीचा पुरावा वाटला. मालकाशिवाय इतक्या सहज ते शटर कुणाकडून उघडत नाही, उजव्या बाजूनं लाथ मारावी लागते.

आत गेल्यावर वाइंडिंग मशीन, मामांनी ते एकदा फिरवलं. भिंतीवर प्लास्टिक वेढलेल्या तांब्याच्या तारेची रिळं गेजप्रमाणे टांगलेली. टेबलावर मेगर. छताला चेन कप्पी. मागच्या दारातून हौद. हे दार गिऱ्हाइकाला उघडं नसतं, म्हणून मुद्दाम तिकडे गेले. परत येऊन जॉब बुक उघडलं, त्यावर दुकानाचा शिक्का आहे. आतली गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर दिसू नयेत म्हणून कोरं पान काढून फक्त शिक्का दाखवला. शेवटी उद्यम नोंदणीचा कागद. त्यावर दुकानाचं नाव आणि पत्ता वाचता येईल असा धरला, नंबराच्या ओळीवर मामांचा अंगठा.

एक मिनिट पन्नास सेकंद.

पाठवताना खरी परीक्षा झाली. फाट्यावर सकाळी रेंज एक-दोन काड्या. रेघ सरकतेय, थांबतेय. स्क्रीन बंद होऊ नये म्हणून मी अधूनमधून बोट लावत होते, आणि मामांना फोन आला तर घेऊ नका म्हणून बजावलं. सीझनच्या सकाळी मामांना फोन घेऊ नका म्हणणं सोपं नाही. तीन फोन वाजून गेले. पंचवीस मिनिटांनी पोचल्याचा निरोप दिसला. चौथा फोन त्यांनी उचलला तेव्हा शिव्या त्यांनाच पडल्या.

7 एप्रिल, सोमवार

काही नाही. मामा दर दोन तासांनी विचारतात. त्यांना सांगितलं, शनिवार-रविवार धरत नाहीत, शुक्रवारपर्यंत गप्प राहा. जावयाला पानाला हात न लावण्याची पुन्हा ताकीद.

9 एप्रिल, बुधवार

मंजूर. सकाळी मामांच्या जीमेलवर मेल आला होता, त्यांनी तो पाहिलाच नाही. मी दुपारी खातं उघडलं तेव्हा कळलं.

पहिल्यांदा वेळ बदलली: मार्च ते मे सकाळी आठ ते रात्री दहा, एरवी सातपर्यंत. मग वर्ग. मुख्य वर्ग मोटार दुरुस्तीचा ठेवला. बोअरमधून मोटार काढून देण्याचं कामही मामा करतात, शेतात जाऊन, पण म्हणून पानावरचा दुकानाचा पत्ता लपवला नाही. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मोटार घेऊन दुकानात येतं, त्याला जागाच सापडली पाहिजे. नंबर तपासला, तोच होता. फोटो चार टाकले: बोर्ड, शटर उघडं असताना समोरून, मशीन आणि हौद. पहिला फोटो रस्त्यावरून दिसतं तसाच ठेवला, पिकअपवाल्याला तोच उपयोगाचा.

10 एप्रिल, गुरुवार

मला व्यवस्थापक म्हणून जोडून घेतलं, मालक मामाच. दुसरा मालक म्हणून त्यांच्या मुलाला निमंत्रण पाठवलं, तो पुण्यात असतो. मामांचा फोन हौदात पडला, जी अशक्य गोष्ट नाही, तर खातं उघडणारा आणखी एक माणूस असावा. नव्यानं जोडलेल्या माणसाला पहिले सात दिवस कुणाला काढून टाकता येत नाही किंवा पान पुसता येत नाही. हे वाचून बरं वाटलं, कारण निमंत्रण पाठवताना मी आधी चुकून जावयाचा मेल टाकला होता.

17 एप्रिल, गुरुवार

मुलानं निमंत्रण स्वीकारलं. मामांच्या जीमेलचा पासवर्ड मी एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि कुठेतरी सुरक्षित ठेवा म्हटलं. आज गेले तर ती चिठ्ठी बोर्डाच्या खाली, शटरच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेली. शटर वर असलं की दिसत नाही, पण बंद करताना डोळ्यांसमोर. काढायला लावली. आता ती जॉब बुकच्या शेवटच्या पानात आहे आणि जॉब बुक गल्ल्यात.

पोस्टमनकाका दुपारी येऊन गेले. कार्ड आलंय का विचारायला नाही, घरची पाण्याची मोटार घेऊन.